नोकरी गेली, घराचं कर्ज चालू आहे: बँकेकडे काय मागायचं आणि कधी

बडोद्यात मकरपुरा जीआयडीसीतला कारखाना बंद झाला की कामगाराचा हिशोब एका दिवसात होतो, पण घराचा हप्ता पुढच्या पाच तारखेला ठरल्याप्रमाणे येतोच. आमच्या घरी ही वेळ आली तेव्हा मांजलपूरपासून दांडिया बाजारापर्यंतच्या ओळखीच्यांनी तीन सल्ले दिले. एक म्हणाला, मोरॅटोरियम म्हणजे काही महिने हप्ते थांबवण्याची सवलत मागून टाका. दुसरा म्हणाला, पीएफ काढा आणि कर्जात भरा. तिसरा म्हणाला, दोन-तीन हप्ते राहू द्या, बँक आपणहून बोलावेल. तिन्ही सल्ले आपुलकीने दिलेले होते आणि तिन्ही महाग पडणारे होते. का, ते पुढे आकड्यांसकट सांगतो. लेख पगारदार माणसाच्या, स्वतःच्या किंवा नवरा-बायकोच्या नावावर असलेल्या गृहकर्जाबद्दल आहे. दुकानाच्या किंवा कंपनीच्या नावावरच्या कर्जाचे नियम वेगळे आहेत.

1. बँकेत जाण्याआधी कर्ज नीट ओळखून घ्या

मंजुरीपत्र म्हणजे सँक्शन लेटर आणि कर्जखात्याचं ताजं स्टेटमेंट समोर ठेवा. चार गोष्टी कागदावर लिहून काढा: आज बाकी मुद्दल किती, व्याज किती टक्के, किती महिने उरलेत, आणि व्याज फ्लोटिंग आहे की ठरावीक म्हणजे फिक्स्ड. काही कर्जं सुरुवातीची दोन-तीन वर्षं फिक्स्ड आणि मग फ्लोटिंग अशी असतात. तुमचं कर्ज तसं असेल तर ते आज कोणत्या टप्प्यावर आहे हेही लिहा, कारण मुदतीआधी कर्ज बंद करायची वेळ आली तर त्यावरच पैसे वाचतील किंवा जातील.

लेखभर वापरण्यासाठी एक हिशोब घेऊ. आमच्याच कर्जाचे आकडे गोल केलेत: बाकी 24 लाख, व्याज 8.5 टक्के, उरलेली मुदत 15 वर्षं. हप्ता येतो ₹23,634. त्यातले पहिल्या महिन्यात ₹17,000 निव्वळ व्याजाचे असतात आणि मुद्दलात जेमतेम ₹6,634 जातात. हा ₹17,000 चा आकडा लक्षात ठेवा. बँकेने कितीही मुदत वाढवली तरी हप्ता याच्या खाली येत नाही.

कर्ज घेताना गळ्यात मारलेली विमा पॉलिसीही कपाटातून बाहेर काढा. बहुतेक पॉलिसी मृत्यूपुरत्याच असतात, पण काहींत नोकरी गेल्यास थोडे हप्ते भरण्याची सोय असते. ती कामावरून कमी केलेल्याला मिळते, राजीनामा दिलेल्याला नाही. म्हणूनच कंपनीचा एचआर "राजीनामा लिहून द्या, पुढे बरं दिसेल" म्हणाला तर लगेच सही करू नका. कामावरून कमी केल्याचं पत्र मागा. बँकेलाही पुढे तेच पत्र लागतं.

2. नव्वद दिवसांचं घड्याळ समजून घ्या

हप्ता चुकल्यावर काय होतं याबद्दल सोसायटीच्या ओट्यावर बऱ्याच गोष्टी ऐकू येतात. खरा हिशोब दिवसांचा आहे. समजा 5 एप्रिलचा हप्ता गेला नाही. त्याच दिवशी खात्यावर एसएमए-0, म्हणजे अडचणीच्या खात्याची पहिली खूण लागते. 5 मेला 30 दिवस पूर्ण झाले की एसएमए-1, 4 जूनला एसएमए-2, आणि 4 जुलैपर्यंतही तो हप्ता थकलेला राहिला तर खातं एनपीए, म्हणजे बँकेच्या लेखी थकीत कर्ज. म्हणजे "तीन हप्ते चुकले की एनपीए" असं म्हणतात, पण मोजणी हप्त्यांची नसून सगळ्यात जुन्या थकलेल्या हप्त्याच्या दिवसांची असते.

याचा एक व्यवहारी उपयोग आहे. भरलेला पैसा आधी सगळ्यात जुन्या थकबाकीत जमा होतो. जूनअखेर तुम्ही एक पूर्ण हप्ता भरलात तर एप्रिलची थकबाकी मिटते आणि मोजणी 5 मेपासून धरली जाते. थकबाकी राहतेच, क्रेडिट रिपोर्टमध्ये उशिराचे दिवसही दिसतात, पण खातं एनपीएच्या अलीकडे राहतं. ही रेघ ओलांडली की मात्र एक हप्ता भरून भागत नाही. खातं पुन्हा नियमित व्हायला व्याज आणि मुद्दल धरून सगळी थकबाकी एकदम भरावी लागते. रिझर्व्ह बँकेने 2021 च्या नोव्हेंबरमध्ये हे स्पष्ट केलं आहे, त्यामुळे शाखेतल्या कुणाच्या ओळखीने यात काही हलत नाही.

इथे एक सापळा आहे जो फार कमी लोकांना आधी कळतो. पगार येणं थांबलं की काही महिन्यांनी तुमचं सॅलरी अकाउंट साध्या बचत खात्यात बदलतं. मग किमान शिल्लक नसल्याचा दंड कापला जातो आणि हप्त्यासाठी मोजून ठेवलेले पैसे शंभर-दोनशे रुपयांनी कमी पडतात. ऑटो-डेबिट परत जातं. कर्ज देणारी बँक त्याचा आकार लावते, तुमची बँक वेगळा लावते. त्या खात्यात हप्त्यापेक्षा दोन-तीन हजार जास्तच ठेवा. ऑटो-डेबिटची मंजुरी रागाने रद्दही करू नका, त्याने देणं थांबत नाही आणि बँकेचा तुमच्यावरचा विश्वास मात्र जातो.

उशिराबद्दल बँक दंड लावू शकते, पण 2024 च्या जूनअखेरपासून जुन्या कर्जांनाही हा नियम लागू आहे की दंड हा आकार म्हणूनच लावायचा, व्याजदरात मिसळायचा नाही, आणि त्या दंडावर व्याज चढवायचं नाही. स्टेटमेंटमध्ये दंडाची ओळ वेगळी दिसत नसेल तर विचारा.

3. हातातली रोकड कर्जात ओतू नका

ग्रॅच्युइटी, पीएफ, रजेचे पैसे असे मिळून समजा चार लाख हातात आले. घरातल्या मोठ्यांचा पहिला आग्रह असतो की कर्जाचं ओझं कमी करा. पगार चालू असताना हा सल्ला उत्तम आहे. पगार बंद असताना तो उलटा पडतो.

हिशोब पाहा. चार लाख कर्जात भरले की बाकी 20 लाख राहते. मुदत तीच ठेवली तर हप्ता ₹19,695 होतो, म्हणजे महिन्याला ₹3,939 ची सुटका. पण उरलेले ₹19,695 कुठून आणणार? तेच चार लाख खात्यात ठेवले तर जुन्या पूर्ण हप्त्याने जवळजवळ 17 महिने निघतात. शिवाय भरलेली रक्कम बँक परत देत नाही, आणि पगार नसलेल्याला टॉप-अप म्हणजे त्याच घरावर वाढीव कर्जही मिळत नाही. दुसऱ्या बँकेत कर्ज हलवायचा मार्गही त्या काळात बंद असतो, नवी बँक आधी पगारपत्रकच मागते.

म्हणून आधी घरखर्च आणि हप्ता मिळून किती महिने निघतात ते मोजा. बायकोचा पगार, आईचं पेन्शन, भाडं, जे नियमित येतं ते धरा. नऊ-दहा महिने निघत असतील आणि तुमच्या कामाला मागणी असेल, तर माझ्या मते बँकेकडे कुठलीही सवलत मागूच नका. हप्ता भरत राहा. कारण चौथ्या मुद्द्यात येईल.

एक अपवाद: व्याजदर कमी करून घेणं. तुमचं कर्ज बेस रेट किंवा एमसीएलआर या बँकेच्या जुन्या अंतर्गत दरांवर अडकलं असेल तर रिझर्व्ह बँकेच्या रेपो दराशी जोडलेल्या दरावर आणण्याचा अर्ज लगेच करा. त्याला थोडी फी पडते, पण हा साधा दरबदल आहे, अडचणीतल्या माणसाला दिलेली सवलत नाही, त्यामुळे खात्यावर कसलाही डाग लागत नाही.

4. प्रत्येक सवलतीची किंमत आधी काढा

2020 मध्ये मार्च ते ऑगस्ट सर्वांना मिळालेलं मोरॅटोरियम आणि त्यानंतरच्या कोविडच्या पुनर्रचना योजना केव्हाच बंद झाल्या. आज नोकरी गेली म्हणून मोरॅटोरियम मिळणं हा हक्क नाही. प्रत्येक बँकेचं आपलं धोरण असतं आणि त्यानुसार ती हो किंवा नाही म्हणते. हो म्हणाली तर साधारण तीनपैकी एक गोष्ट पुढे येते.

पहिली, सहा महिने काहीच भरायचं नाही. व्याज थांबत नाही, ते मुद्दलात चढतं. 24 लाखांचे सहा महिन्यांनी सुमारे 25 लाख 4 हजार होतात. हप्ता ₹23,634 च ठेवला तर उरलेले 180 हप्ते सुमारे 197 होतात. म्हणजे 1 लाख 42 हजारांचे हप्ते आज वाचवले आणि एकूण भरणा जवळजवळ 3 लाख 93 हजारांनी वाढला. आजपासून मोजलं तर कर्ज संपायला 23 महिने उशीर.

दुसरी, सहा महिने फक्त व्याज भरायचं. महिन्याला ₹17,000. मुद्दल जागच्या जागी राहतं, कर्ज सहा महिने पुढे सरकतं आणि एकूण भरणा 1 लाख 2 हजारांनी वाढतो. पहिल्यापेक्षा खूप स्वस्त, पण महिन्याला सुटका ₹6,634 चीच.

तिसरी, मुदत वाढवायची. 15 वर्षांची 20 केली तर हप्ता ₹20,828 वर येतो. पाच वर्षं जास्त, एकूण सुमारे साडेसात लाख जास्त, आणि दरमहा वाचले ₹2,806. शाखेत हा पर्याय सर्वात आधी सुचवला जातो आणि कानाला गोडही लागतो. ज्याचा पगार निम्मा झालाय त्याला कदाचित पुरेल. ज्याचा पूर्ण बंद झालाय त्याच्या कामाचा नाही. शिवाय पन्नाशी ओलांडलेल्याला निवृत्तीच्या वयामुळे बँक फार मुदत देतही नाही.

आता या सगळ्यावरची खरी किंमत. कर्जदार अडचणीत आहे म्हणून बँकेने अटी सैल केल्या तर रिझर्व्ह बँकेच्या नियमांत ती पुनर्रचना ठरते. आणि 7 जून 2019 च्या चौकटीप्रमाणे, एकही हप्ता न चुकलेलं खातंसुद्धा पुनर्रचना होताच सर्वसाधारणपणे एनपीए वर्गात टाकावं लागतं. ठरल्याप्रमाणे हप्ते जात राहिले तरी किमान वर्षभर, आणि बाकीचा ठरावीक भाग फिटेपर्यंत, ते वर चढत नाही. क्रेडिट रिपोर्टमध्ये पुनर्रचना झाल्याची नोंद दिसते आणि त्या काळात मुलाच्या शिक्षणाचं कर्जसुद्धा अवघड होतं. याचा अर्थ पुनर्रचना मागूच नये असा नाही. घर वाचत असेल तर हा डाग परवडतो. पण पाच-सहा महिन्यांची रोकड हातात असताना, नुसती मनाला शांती हवी म्हणून ती घेणं मला चुकीचं वाटतं.

5. मागायचंच ठरलं तर लेखी मागा, हप्ता चुकण्याआधी मागा

शाखेतल्या काउंटरवर तुम्हाला ऐकायला मिळेल: "अजून तर तुमचं खातं चांगलं आहे, थकलं की या." हा सल्ला पाळू नका. थकलेलं खातं वसुली विभागाकडे जातं आणि तिथे पुनर्रचनेपेक्षा एकरकमी पैशाची भाषा चालते. शाखेने कागद घेतला नाही तर रजिस्टर्ड पोस्टाने आणि बँकेच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याच्या ईमेलवर पाठवा.

अर्जात भावना कमी आणि आकडे जास्त असू द्या. साधारण असं:

"माझी नोकरी अमुक तारखेला कंपनी बंद झाल्याने गेली. आजपर्यंतचे सर्व हप्ते वेळेवर भरले आहेत. सध्या घरात पत्नीचा पगार ₹26,000 आहे. घरखर्च वजा जाता दरमहा ₹17,000 भरू शकतो. त्यामुळे सहा महिने फक्त व्याज आणि त्यानंतर मूळ हप्ता, अशी सोय मिळावी. ही पुनर्रचना ठरणार असल्यास खात्याचं वर्गीकरण आणि क्रेडिट रिपोर्टमधली नोंद काय होईल, हे मंजुरीआधी लेखी कळवावं."

शेवटचं वाक्य गाळू नका. आणि "जमेल तेवढं भरू" असं मोघम लिहू नका, अधिकाऱ्याला पुढे प्रस्ताव पाठवायला आकडा लागतो. घरखर्च काढून ₹26,000 मधून ₹17,000 उरतात हे खरं असेल तरच लिहा. न पेलणारी पुनर्रचना मोडली तर दुसरी मिळणं फार कठीण असतं.

सोबत जोडायचे कागद:

- कामावरून कमी केल्याचं पत्र किंवा कंपनी बंद झाल्याची सूचना
- शेवटच्या तीन महिन्यांची पगारपत्रकं, फॉर्म 16 किंवा रिटर्न
- घरातल्या सर्व बँक खात्यांचं सहा ते बारा महिन्यांचं स्टेटमेंट
- सहकर्जदाराच्या उत्पन्नाचा पुरावा
- महापालिकेच्या वेऱ्याची म्हणजे घरपट्टीची भरलेली पावती, सोसायटीचा मेंटेनन्स थकला नसल्याचा कागद
- नव्या नोकरीचं पत्र किंवा बोलणी चालू असल्याचे ईमेल, असतील तर

मंजुरी आली की सही करण्याआधी नवं हप्त्यांचं वेळापत्रक मागा आणि तीन गोष्टी तपासा: न भरलेलं व्याज मुद्दलात चढवलंय का, व्याजदर वाढवलाय का, आणि पुढचा पूर्ण हप्ता कोणत्या तारखेपासून आहे. सहकर्जदाराची आणि जामीनदाराची सहीही लागते. त्यांना आधी सांगून ठेवा, कारण नोंद त्यांच्या रिपोर्टवरही जाते.

6. घर विकून कर्ज बंद करायचं असेल तर

हे वाचायला जड जातं, पण वर्षभरात उत्पन्न येण्याची खूण नसेल तर स्वतःच्या हाताने विकलेलं घर लिलावात गेलेल्या घरापेक्षा चांगली किंमत देतं. खातं नियमित असतानाच विका. एनपीए झालेल्या घराचा बोभाटा झाला की गिऱ्हाईक भाव पाडतं.

मुदतीआधी कर्ज बंद करण्याचा आकार, म्हणजे फोरक्लोजर चार्ज, हा लोकांच्या मनातला मोठा बागुलबुवा आहे. व्यक्तीच्या नावावरच्या फ्लोटिंग गृहकर्जावर बँकांना 2012 पासूनच तो लावता येत नाही, आणि आता गृहवित्त कंपन्यांनाही हाच नियम आहे. सहकर्जदार असला तरी फरक पडत नाही. 1 जानेवारी 2026 पासून मंजूर किंवा नूतनीकरण झालेल्या कर्जांसाठी नियम आणखी स्वच्छ आहेत: पैसा कुठून आणला हे विचारून आकार लावायचा नाही, किमान अमुक महिने झाले पाहिजेत अशी अट घालायची नाही, आणि फिक्स्ड-फ्लोटिंग मिश्र कर्ज असेल तर भरताना ते फ्लोटिंग टप्प्यावर आहे का एवढंच पाहायचं.

फिक्स्ड व्याजाच्या कर्जाला मात्र आकार लागू शकतो. मंजुरीपत्रात 2 टक्के लिहिले असतील तर 24 लाखांवर ₹48,000 आणि त्यावर 18 टक्के जीएसटी, मिळून ₹56,640. मिश्र कर्जाचा फिक्स्ड टप्पा दोन-तीन महिन्यांत संपत असेल तर व्यवहाराची तारीख त्याच्या पुढे धरायला गिऱ्हाईकाला सांगून पाहा.

क्रम असा ठेवा. आधी बँकेकडून दोन कागद घ्या: फोरक्लोजर स्टेटमेंट आणि बँकेकडे ठेवलेल्या मूळ कागदपत्रांची यादी. स्टेटमेंटवर एक तारीख असते आणि त्यापुढे रोजचं व्याज, आपल्या उदाहरणात दिवसाला सुमारे ₹559. मग बानाखत म्हणजे विक्रीचा करार करा आणि त्यात स्पष्ट लिहा की घरावर कर्ज आहे आणि खरेदीदाराच्या रकमेतून ते आधी फिटणार. खरेदीदार स्वतः कर्ज घेत असेल तर त्याची बँक तुमच्या कर्जखात्याच्या नावाने चेक किंवा डीडी देते आणि मूळ कागद बहुतेक वेळा बँकेकडून बँकेकडे जातात. बानाखताची रक्कम घरखर्चात वापरून टाकू नका. विक्रीचा पक्का दस्तावेज लांबला तर ती परत मागितली जाते.

स्टेटमेंटमधली प्रत्येक ओळ वाचा. फोरक्लोजर चार्जच्या जागी "प्रशासकीय शुल्क" किंवा "क्लोजर प्रोसेसिंग" अशा नावाची रक्कम दिसली तर ती कोणत्या नियमाने लावली ते लेखी विचारा. एवढ्यानेच ती बऱ्याचदा गळून पडते.

पूर्ण रक्कम भरल्यापासून 30 दिवसांत बँकेने मूळ कागद परत द्यायचे आणि बोजा उतरवायचा असतो. तिच्या चुकीने उशीर झाला तर दिवसाला ₹5,000 भरपाईचा नियम आहे. कर्ज बंद झाल्याचं पत्र घ्या, सेरसाई या गहाणांच्या केंद्रीय नोंदवहीतली नोंद उतरली का ते पाहा, आणि नोंदणीकृत गहाणखत झालं असेल तर सबरजिस्ट्रारकडे त्याची मुक्ती करून घ्या.

7. नोटीस आलीच तर

एनपीए झाल्यावर बँक सरफेसी, म्हणजे गहाण मालमत्तेतून कर्जवसुलीच्या कायद्याच्या कलम 13(2) खाली नोटीस पाठवते. त्यात 60 दिवसांची मुदत असते. या 60 दिवसांत घराबाहेर कुणी काढत नाही, पण पाकीट न फोडता ठेवण्यात काही अर्थ नाही. नोटिशीतला आकडा तुमच्या स्टेटमेंटशी ताडून पाहा आणि हरकती लेखी पाठवा. बँकेला त्यांना 15 दिवसांत कारणांसह उत्तर द्यावं लागतं. याच मुदतीत सगळी थकबाकी भरता आली तर खातं नियमित होऊ शकतं, आणि घरासाठी गिऱ्हाईक शोधायलाही हीच वेळ आहे.

60 दिवसांनंतर कलम 13(4) खाली ताबा घेण्याची कारवाई होते. सुरुवातीला बहुधा दारावर नोटीस चिकटवून आणि वर्तमानपत्रात छापून कागदोपत्री ताबा घेतात. त्याविरुद्ध 45 दिवसांत ऋणवसुली न्यायाधिकरणात, म्हणजे डीआरटीत अर्ज करता येतो. बडोद्याच्या प्रकरणांसाठी अहमदाबादला जावं लागतं आणि तिथे या कामातला वकीलच हवा.

सेवेतल्या चुकांसाठी, म्हणजे न लावण्याजोगा आकार लावला, अर्जाला उत्तरच दिलं नाही, कागद अडवून ठेवले, अशा गोष्टींसाठी आधी बँकेकडे लेखी तक्रार करून तिचा क्रमांक घ्या. 30 दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर cms.rbi.org.in वर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करता येते, त्याला पैसे लागत नाहीत. कर्ज गृहवित्त कंपनीचं असेल तर तक्रार नॅशनल हाउसिंग बँकेकडे जाते. पुनर्रचना द्यायची की नाही हा मात्र बँकेचा व्यापारी निर्णय समजला जातो. लोकपाल बँकेला ती द्यायला लावत नाही, त्यामुळे त्या आशेवर हप्ता थांबवू नका.